एका अक्षराचे अंतर

इस्लामपूरच्या कृषी सेवा केंद्रांतून वर्षानुवर्षे सहा ग्रॅमची एक चिमुकली पुडी विकली गेली आहे. तिचे नाव स्ट्रेप्टोसायक्लिन. आतल्या भुकटीत नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन. वाळवा तालुक्यातला टोमॅटोवाला ती पानावरच्या ठिपक्यांसाठी नेतो आणि आटपाडी-जतकडे डाळिंबाची बाग असलेला शेतकरी तेल्यासाठी. त्याच स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या क्षयरुग्णांनीही घेतलेली आहेत. मिरजेजवळचे वानलेसवाडीचे क्षयरोग रुग्णालय हे औषध सापडण्याच्या आधीपासूनचे. मोकळी हवा, चांगले अन्न आणि अंथरुणातली विश्रांती याखेरीज तेव्हा डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले. अलीकडच्या काळापर्यंत सरकारी डॉट्स कार्यक्रमात दुसऱ्यांदा उपचार सुरू करणाऱ्या रुग्णाला पहिले दोन महिने आठवड्यातून तीनदा ०.७५ ग्रॅमचे इंजेक्शन दिले जाई.

एकच रेणू माणसाच्या स्नायूत जातो आणि झाडाच्या पानावरही पडतो. दोन्हीकडे तो जिवाणूला मारतो आणि ज्याच्या अंगात तो जिवाणू आहे त्याला जगू देतो. जिवाणू, डाळिंब आणि माणूस या तिघांच्याही पेशी प्रथिने बनवतात आणि तिघांकडेही त्या कामाचे यंत्र एकच आहे, रायबोसोम. मग यंत्रावर घाव घालणारे औषध तिघांनाही सारखेच का लागत नाही? या प्रस्तावनेचा विषय एवढाच आहे. उत्तरात दिलासा आहे आणि धोकाही आहे, आणि दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात.

रायबोसोम म्हणजे आरएनए आणि प्रथिने यांचा गुंता. त्याचे दोन भाग असतात, एक लहान आणि एक मोठा. जनुकातला मजकूर संदेशवाहक आरएनएच्या धाग्यावर उतरून येतो. लहान भाग तो धागा धरून तीन-तीन अक्षरांनी वाचतो, आणि मोठा भाग वाचलेल्या शब्दाप्रमाणे आलेली अमिनो आम्ले एकमेकांना जोडत जातो. वेगाने वाढणाऱ्या जिवाणूत हे काम सेकंदाला पंधरा-वीस अमिनो आम्लांच्या गतीने चालते आणि चूक होते ती साधारण हजार ते दहा हजारांत एकदा. जिवाणूचा रायबोसोम ७०एस मापाचा, त्याचे भाग ३०एस आणि ५०एस. आपल्या पेशीद्रवातला ८०एस, त्याचे भाग ४०एस आणि ६०एस. हे आकडे वजनाचे नव्हेत. अपकेंद्री यंत्रात कण किती वेगाने खाली बसतो त्याचे ते माप आहे, म्हणून त्यांची बेरीज जुळत नाही. आपल्या रायबोसोममध्ये आरएनएचे चार रेणू आणि सुमारे ऐंशी प्रथिने, जिवाणूच्यात तीन रेणू आणि पन्नासच्या वर थोडी.

पाठ्यपुस्तके बहुतेक वेळा इथेच थांबतात: जिवाणूचा ७०एस, आपला ८०एस, म्हणून औषध फक्त जिवाणूला लागते. हे उत्तर अपुरे आहे. आकार लहान-मोठा असल्याने औषध अडत नाही. औषधाचा रेणू रायबोसोमच्या तुलनेत इतका बारीक असतो की एकूण आकाराशी त्याचा संबंधच येत नाही. तो एका खाचेत बसतो, आणि त्या खाचेच्या भिंती आरएनएच्या मोजक्या अक्षरांनी बनलेल्या असतात. शिवाय रायबोसोमचा गाभा, म्हणजे वाचण्याची आणि जोडण्याची जागा, अब्जावधी वर्षांत फारच थोडी बदलली आहे. माणसाचा आणि क्षयाच्या जिवाणूचा रायबोसोम नेमका जिथे सर्वांत सारखा, तिथेच ही औषधे जाऊन बसतात. म्हणून फरक शोधायचा तर अक्षर अन् अक्षर तपासावे लागते.

ते तपासणे शक्य झाले इसवी सन २००० च्या आसपास. वडोदऱ्यात वाढलेले आणि तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राचे पदवीधर झालेले वेंकटरामन रामकृष्णन यांच्या केंब्रिजमधल्या गटाने त्या वर्षी ३०एस भागाची अणू-अणू दाखवणारी रचना प्रसिद्ध केली. पाठोपाठ तीन प्रतिजैविके त्यात नेमकी कुठे बसतात तेही दाखवले. त्यांपैकी एक होते स्ट्रेप्टोमायसिन. याच कामाच्या धाग्यावर २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना मिळून देण्यात आले.

त्या रचनेत वाचनाची जागा स्वच्छ दिसते. लहान भागातल्या आरएनएची लांबी जिवाणूत साधारण १५४२ अक्षरे. त्यांतली १४९२ आणि १४९३ क्रमांकांची दोन अक्षरे, दोन्ही ॲडेनिन, एरवी आत दुमडलेली असतात. योग्य अमिनो आम्ल घेऊन आलेला वाहक आरएनए संदेशाशी नीट जुळला की ती बाहेर उलटतात, जोडणी चाचपतात आणि जुळल्याचा कौल देतात. चुकीचा वाहक आला तर ती उलटत नाहीत आणि तो परत जातो. कॅनामायसिन, अमिकासिन, जेंटामायसिन ही औषधे याच आरएनएच्या खोबणीत शिरतात आणि दोन्ही ॲडेनिनांना कायमचे बाहेर ढकलून ठेवतात. मग कोणताही वाहक आला तरी कौल मिळतो. रायबोसोम थांबत नाही, चुकीचे वाचत सुटतो. बिघडलेली प्रथिने जिवाणूच्या आवरणात जाऊन बसतात, आवरण गळू लागते, त्या गळतीतून आणखी औषध आत येते आणि पेशी मरते. स्ट्रेप्टोमायसिनची बसण्याची जागा शेजारची आहे. ते आरएनएच्या चार वेगवेगळ्या पट्ट्यांना आणि एस-१२ नावाच्या प्रथिनाला एकाच वेळी धरते, आणि वाचनाची जागा ‘चालेल’ म्हणणाऱ्या अवस्थेत अडकवून ठेवते. वाट वेगळी, परिणाम तोच.

आता अक्षरांकडे. १४०८ क्रमांकावर जिवाणूंत ॲडेनिन असते. आपल्या पेशीद्रवातल्या रायबोसोममध्ये त्याच जागी ग्वानिन आहे. १४९१ वर जिवाणूत ग्वानिन, आपल्यात ॲडेनिन. कॅनामायसिनच्या एका कड्याला आत बसताना १४०८ च्या ॲडेनिनशी हायड्रोजन बंध जुळवावे लागतात. तिथे ग्वानिन आले की ते बंध जुळत नाहीत. १४९१ चे ग्वानिन समोरच्या १४०९ च्या सायटोसिनशी जोडी करून खोबणीचा तळ सपाट ठेवते, औषधाचे कडे त्यावर टेकते. आपल्यात ही जोडीच मोडलेली आहे.

हे नुसत्या चित्रावरून मांडलेले अनुमान नाही. झ्युरिच विद्यापीठात एरिक बॉटगर यांच्या गटाने त्याची थेट परीक्षा घेतली. क्षयाच्या जिवाणूचा एक निरुपद्रवी, लवकर वाढणारा नातलग आहे, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस. त्याच्याकडे रायबोसोमच्या आरएनएची जनुके दोनच प्रतींत असतात. त्यांतली एक प्रत काढून टाकली की उरलेल्या प्रतीत केलेला बदल त्याच्या प्रत्येक रायबोसोममध्ये उतरतो. संशोधकांनी १४०८ च्या ॲडेनिनच्या जागी ग्वानिन घातले, आणि कॅनामायसिनला टिकण्याची त्या जिवाणूची ताकद शेकडो पटींनी वाढली. मग त्यांनी वाचनाच्या जागेचा तो सगळा तुकडा माणसाच्या अक्षरांनी बदलला. जिवाणू जगला, वाढला, आणि ही औषधे त्याला लागेनाशी झाली. जिवाणूच्या अंगात माणसाच्या रायबोसोमचा एवढासा अंश गेल्यावर तो माणसासारखाच सुरक्षित झाला.

पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची गोष्ट इथे आठवावी लागते. १९५४ साली स्थापन झालेला हा सरकारी कारखाना. तिथे आधी पेनिसिलिन आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिन बनू लागले, आणि शेतकऱ्यांच्या हाती पडणारी स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडीही तिथलीच. त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार यांच्या चमूने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बुरशीवरचे एक औषध शोधून काढले, हॅमायसिन. तेही मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसकडूनच मिळवलेले, पण त्याचा घाव रायबोसोमवर नाही, बुरशीच्या पेशीपटलावर आहे. त्यामागचे कारण आपल्या विषयाचेच आहे. बुरशी दिसायला जिवाणूइतकीच क्षुल्लक वाटली तरी तिच्या पेशीला केंद्रक असते आणि तिचा रायबोसोम आपल्यासारखा ८०एस घराण्यातला. १४०८ च्या जागी तिच्याकडेही आपल्यासारखेच ग्वानिन. त्यामुळे रायबोसोमच्या वाटेने बुरशी मारणे फार अवघड, मारली तरी औषध माणसालाही बाधण्याची भीती. द्राक्षावर भुरी किंवा डाऊनी आल्यावर स्ट्रेप्टोसायक्लिन मारून काही साधत नाही ते याच कारणाने. तासगावच्या बागायतदाराने असा फवारा घेतलाच तर पैसे जातात, बुरशी राहते, आणि पानावरच्या जिवाणूंना मात्र औषधाची ओळख होते.

इथपर्यंत सारे दिलासा देणारे आहे. जिवाणू एका बाजूला, आपण दुसऱ्या, मध्ये काही अक्षरांची भिंत. पण आपल्या पेशीत रायबोसोमची एक दुसरी जातही आहे. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया कोण्या काळी स्वतंत्र जिवाणू होत्या. त्यांनी आपले स्वतःचे थोडे डीएनए राखले आणि स्वतःचे रायबोसोमही राखले. ते रायबोसोम बरेच बदललेले असले तरी मूळ वंश जिवाणूचा. १४०८ च्या जागी त्यांच्यात जिवाणूसारखेच ॲडेनिन आहे. सुदैवाने दुसरी जागा, जिवाणूच्या १४९१ शी जुळणारी, तिथे आपल्यासारखे ॲडेनिन आहे. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत तिचा क्रमांक १५५५. म्हणजे मायटोकॉन्ड्रिया जिवाणू आणि आपण यांच्या मध्ये कुठेतरी उभ्या आहेत.

काही कुटुंबांत या १५५५ च्या ॲडेनिनच्या जागी ग्वानिन आलेले असते. समोरच्या सायटोसिनशी त्याची जोडी जुळते, खोबणीचा तळ सपाट होतो, आणि रायबोसोमची ती जागा हुबेहूब जिवाणूची होऊन बसते. अशा माणसाला इतर वेळी काही जाणवत नाही, किंवा वय वाढेल तसे थोडे कमी ऐकू येते. पण त्याला क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिन किंवा नवजात असताना जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिन दिले गेले, तर दोन्ही कान कायमचे जाऊ शकतात, कधी थोड्याशाच डोसाने. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतात, म्हणून हे बहिरेपण आईच्या बाजूने उतरते: मामा, आजी, मावशी, मावशीची मुले. चीनमध्ये अशी घराणी ध्यानात आली ती स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनंतर एकाच आजीच्या वंशातली माणसे बहिरी होत गेल्याने. १९९३ मध्ये या अक्षरबदलाचा आणि त्या बहिरेपणाचा संबंध सिद्ध झाला. युरोपीय लोकांत हा बदल साधारण पाचशेत एकाला असल्याचे मोठ्या पाहण्यांत आढळले आहे.

बॉटगर यांच्या गटाने हेही जिवाणूतच करून पाहिले. मायटोकॉन्ड्रियाची नेहमीची अक्षरे घातलेला जिवाणू औषधाला मध्यम बळी पडला, १५५५ चा बदल घातलेला फार सहज. रुग्णांच्या कानांनी सांगितलेली गोष्ट परीक्षानळीत जशीच्या तशी उतरली.

बदल नसलेल्या माणसालाही धोका पूर्ण टळत नाही. कानातल्या केसपेशी हे औषध आत ओढून घेतात, ते तिथे दिवसेंदिवस साचते, आणि माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. स्ट्रेप्टोमायसिनचा पहिला फटका बहुधा तोल सांभाळणाऱ्या भागाला बसतो. अंधारात चालताना भेलकांडणे, मान वळवली की डोळ्यांपुढचे हलणे, ही लक्षणे आधी येतात. कॅनामायसिन आणि अमिकासिन यांत ऐकणे आधी जाते आणि तेही उंच स्वरांचे. रोजच्या बोलण्यात ते कळत नाही, श्रवणचाचणीच्या आलेखावर मात्र आधी दिसते. म्हणून ही इंजेक्शने महिनोन्‌महिने चालू असताना ठरावीक अंतराने कानांची तपासणी व्हावी लागते, आणि इंजेक्शन देण्याआधी ‘आईकडे कुणाला औषधाने ऐकू येईनासे झाले का’ हा प्रश्न विचारावा लागतो. प्रश्न एका वाक्याचा आहे. तो विचारला गेला पाहिजे, असे या लेखकाला फार कळकळीने वाटते.

मायटोकॉन्ड्रियाची गोष्ट झाडाला लागू होतेच, पण झाडाकडे तिच्या जोडीला आणखी एक जुना पाहुणा आहे, हरितलवक. पान हिरवे ज्याच्यामुळे असते तो भागही मूळचा जिवाणूच, आणि त्याचे रायबोसोम ७०एस मापाचे, मायटोकॉन्ड्रियापेक्षा जिवाणूच्या कितीतरी अधिक जवळचे. १९४८ साली एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध झाले. युग्लीना नावाचा एकपेशीय हिरवा जीव स्ट्रेप्टोमायसिनमध्ये वाढवला की पांढरा पडतो, जगत राहतो, आणि त्याची पुढची पिढीही पांढरीच निपजते. ते मांडणाऱ्या शोधनिबंधाच्या लेखकांत ॲल्बर्ट शॅट्झ होते, ज्यांनी १९४३ मध्ये रटगर्स विद्यापीठात वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन देणारा जिवाणू मातीतून वेगळा केला होता. त्यांनी ज्या औषधाला जन्म दिला ते जिवाणूला मारते आणि हरितलवकालाही ओळखते.

आटपाडीच्या बागेत हे कसे दिसते ते आकड्यांत पाहता येते. तेल्यासाठी प्रचलित असलेले प्रमाण लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे सहा ग्रॅमची पुडी बारा लिटर पाण्याला. दर मिलिलिटरमध्ये पाचशे मायक्रोग्रॅम भुकटी झाली, त्यांतले साडेचारशेच्या आसपास स्ट्रेप्टोमायसिनचे. एक ग्रॅमच्या इंजेक्शननंतर माणसाच्या रक्तात त्याची पातळी चढते ती २५ ते ५० मायक्रोग्रॅमपर्यंत, आणि क्षयाच्या साध्या जिवाणूला थोपवायला एक-दोन मायक्रोग्रॅम पुरतात. बागेतला फवारा रक्तातल्या सर्वोच्च पातळीच्या नऊ-दहा पट तीव्र असतो. तरीही पान पिवळे पडत नाही, कारण पानाच्या मेणकट सालीतून फार थोडे औषध आत झिरपते आणि आत गेलेले फार दूर वाहत नाही. पण प्रमाण वाढवले, फवारे लागोपाठ घेतले किंवा ते कोवळ्या फुटीवर पडले, की नव्या पानांच्या कडा पिवळ्या पडू लागतात. शेतकरी याला पुष्कळदा अन्नद्रव्याची कमतरता समजतो आणि फेरस किंवा मॅग्नेशियम देऊ लागतो. फवाऱ्यानंतर थोड्याच दिवसांत, फक्त कोवळ्या पानांवर आणि बागेत सगळीकडे सारखीच पिवळी कड दिसली, तर आधी औषधाचा संशय घ्यावा. बंद पडलेले असतात ते हरितलवकाचे रायबोसोम.

पुडीची दुसरी मर्यादाही औषध पानात फारसे झिरपत नाही याच कारणातून येते. तेल्याचा जिवाणू, झँथोमोनास, पर्णरंध्रांतून आणि काटा लागून झालेल्या जखमांतून पानात शिरतो आणि पेशींच्या मधल्या जागेत राहतो. तेलकट डाग दिसला की तो आत पोचलेला असतो, औषध मात्र बाहेर. म्हणून फवारा आधी घेतला तर थोपवतो, नंतर घेतला तर बरे करत नाही. मृग बहार धरला की फळे पोसण्याचा काळ पावसाचा आणि दमट हवेचा असतो आणि तेल्या उसळतो. हस्त बहार धरून बागेला आधी ताण देणे, पानगळ झाल्यावर डागाळ फांद्या छाटून जाळणे, कात्री निर्जंतुक करणे, बोर्डो मिश्रण, या गोष्टींना पुडीपेक्षा जास्त महत्त्व येते ते इथून.

आता मुख्य अडचण. भिंत काही अक्षरांची असेल तर ती जिवाणूलाही ओलांडता येते. क्षयाच्या जिवाणूकडे रायबोसोमच्या आरएनएची जनुकप्रत एकच असते. आपल्या पोटातल्या ई. कोलायकडे सात. सातांपैकी एका प्रतीत अक्षर बदलले तरी उरलेल्या सहा प्रती संवेदनशील रायबोसोम बनवत राहतात आणि पेशी मरते. क्षयाच्या जिवाणूत एका चुकीने काम होते. अमिकासिन आणि कॅनामायसिन यांना दाद न देणाऱ्या रुग्णांच्या जिवाणूत सर्वाधिक सापडणारा बदल त्याच्या स्वतःच्या क्रमांकाने १४०१ चा. ई. कोलायच्या मोजणीत ही जागा म्हणजे आपले जुने १४०८, आणि बदल ॲडेनिनचे ग्वानिन. दुर्दम्य क्षयाचा जिवाणू त्या एका जागेपुरता माणसासारखा झालेला असतो. लाइन प्रोब ॲसे या चाचणीत थुंकीच्या नमुन्यातून हाच अक्षरबदल शोधतात. पट्टीवर १४०१ च्या बदलाची रेघ उमटली की ही दोन्ही इंजेक्शने देण्यात अर्थ उरत नाही.

स्ट्रेप्टोमायसिनची वाट वेगळी असल्याने त्याविरुद्धचा बदलही वेगळा. बहुधा एस-१२ प्रथिनातल्या ४३ व्या लायसिनच्या जागी आर्जिनिन येते. सांगलीच्या वाचकाने थांबून पाहावे असे पुढे आहे. अमेरिकेत सफरचंद आणि नासपतीवर येणाऱ्या फायर ब्लाइट रोगासाठी १९५० च्या दशकापासून स्ट्रेप्टोमायसिन फवारले जाते. १९७१ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या नासपतीच्या बागांत ते चालेनासे झाले. पुढे त्या जिवाणूचे जनुक वाचले तेव्हा बदल सापडला तो त्याच ४३ व्या जागी, तेच लायसिन, तेच आर्जिनिन. फुप्फुसातला जिवाणू आणि फुलातला जिवाणू एकमेकांना कधी भेटले नव्हते. खाच एकच, त्यामुळे पळवाटही एकच निघाली.

याहून चिंतेचा प्रकार दुसरा आहे. काही जिवाणू रायबोसोमला हात न लावता औषधावरच फॉस्फेटचा गट चिकटवणारी वितंचके बनवतात, आणि औषध खाचेत बसेनासे होते. ती बनवणारी जनुकांची जोडी फायर ब्लाइटच्या जिवाणूत एका उडी मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर बसलेली सापडली, आणि माणसाला आजारी करणाऱ्या जिवाणूंच्या प्लाझ्मिडवरही अगदी तशीच जोडी मिळते. रायबोसोममधला बदल जिवाणूच्या वंशाबरोबरच पुढे जातो. हा तुकडा शेजाऱ्याला देता येतो. बागेतल्या फवाऱ्याचा दवाखान्याशी संबंध येतो तो इथे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतल्या स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनवर बंदी घालणारा आदेशाचा मसुदा काढला. उत्पादन आणि आयात आधी थांबवायची आणि २०२४ च्या सुरुवातीपासून वापर पूर्ण बंद, असे त्यात होते. तो निघण्यामागे हाच हिशेब होता.

पुडीतला दहावा भाग टेट्रासायक्लिनचा. त्याच्याकडे आता वळायला हवे, कारण त्याची निवड अक्षरांवर फारशी अवलंबून नाही. टेट्रासायक्लिन ३०एस भागात वाहक आरएनएच्या येण्याच्या जागेवर बसते आणि त्याला आत येऊ देत नाही. पेशीबाहेर काढलेल्या माणसाच्या रायबोसोमवरही ते पुरेशा प्रमाणात टाकले तर बसते आणि काम मंदावते. तरी ते माणसाला सोसते, कारण जिवाणू ते ऊर्जा खर्चून आत ओढतो आणि साठवतो, आपल्या पेशी तसे करत नाहीत. निवड इथे यंत्राच्या खाचेत झालेली नसून पेशीच्या दारात झालेली आहे. म्हणूनच प्रतिकारही दारातच उभा राहतो. टेट्रासायक्लिनला न जुमानणारे पुष्कळ जिवाणू आलेले औषध बाहेर फेकणारा पंप बसवून घेतात. एका पुडीत निवडीच्या या दोन निराळ्या तऱ्हा शेजारी-शेजारी आहेत, आणि दोन औषधे एकत्र दिली म्हणजे प्रतिकार दुप्पट अवघड झाला, असे का म्हणता येत नाही ते यावरून कळते. फॉस्फेट चिकटवणारे आणि पंपाचे जनुक एकाच प्लाझ्मिडवर आले तर दोन्ही भिंती एकदम पडतात.

बाकीच्या कुटुंबाची ओळख थोडक्यात होईल. ॲझिथ्रोमायसिन आणि त्याचे भाऊबंद मोठ्या भागातून नवे प्रथिन बाहेर पडण्याच्या बोगद्याच्या तोंडाशी अडकतात. तिथे २०५८ व्या जागी जिवाणूत ॲडेनिन आहे, आपल्यात ग्वानिन. पुन्हा तीच दोन अक्षरे, फक्त पत्ता वेगळा. आणि इथे मायटोकॉन्ड्रियातही ग्वानिन असल्याने या औषधांना मायटोकॉन्ड्रियाचा अडथळा तितका नाही. लिनेझोलिडचे तसे नाही. ते अमिनो आम्ले जोडण्याच्या जागेतच बसते, आणि ती जागा जिवाणूत आणि मायटोकॉन्ड्रियात इतकी सारखी की औषध दोघांनाही लागते. आज दुर्दम्य क्षयाच्या सहा महिन्यांच्या गोळ्यांच्या उपचारात लिनेझोलिड आहे. आठवडे उलटतात तसे रक्त कमी होणे, पायांत मुंग्या येणे आणि आग होणे, क्वचित नजर मंदावणे हे त्रास त्याच्या मागे येतात. त्याविषयीच्या पहिल्या मोठ्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम घेणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे पाचांतल्या चौघांना नसांचा त्रास झाला. पुढे डोस ६०० वर आणला तेव्हा त्रास बराच उतरला आणि गुण टिकून राहिला. निवड इथे अक्षरांत जवळपास नाहीच. ती डोस आणि काळ यांच्या हिशेबात उभी करावी लागते, आणि म्हणून अशा रुग्णाचे रक्त नियमित तपासणे हा उपचाराचाच भाग असतो.

या ज्ञानाचा उपयोग दोन दिशांनी सुरू झाला आहे. मँचेस्टरमध्ये नवजात बाळाच्या गालाच्या आतून बोळा फिरवून १५५५ चा बदल अर्ध्या तासाच्या आत ओळखणारी खाटेजवळची चाचणी वापरून पाहिली गेली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. जंतुसंसर्गाच्या संशयाने आलेल्या बाळाला पहिले प्रतिजैविक तासाभरात द्यायचे असते, आणि चाचणीने तेवढ्यात उत्तर दिले. बदल असलेल्या बाळाला जेंटामायसिनऐवजी दुसरे औषध देता आले.

दुसरी दिशा औषध निवडण्याची. ॲप्रामायसिन हे कॅनामायसिनच्या कुळातले औषध १९८० च्या दशकापासून जनावरांसाठी वापरले जाते. त्याच्या रेणूत दोन कडी एकमेकांत जखडलेली असतात. त्यामुळे ते जिवाणूच्या खोबणीत नीट बसते आणि मायटोकॉन्ड्रियाच्या खोबणीत बरेच सैल. बॉटगर यांच्या संकरित रायबोसोमवर आणि पुढे प्राण्यांच्या कानांवर ही तफावत दिसून आली. औषधावर गट चिकटवणारी बहुतेक नेहमीची वितंचकेही त्याला पकडू शकत नाहीत. त्याच्या माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्या झाल्या आहेत. १४०८ चे ॲडेनिन मात्र त्यालाही लागतेच. तिथे ग्वानिन आले किंवा जिवाणूने त्या ॲडेनिनवर एक मिथिल गट चढवला, तर ॲप्रामायसिनही बसत नाही.